रॉक क्विझच्या सुरुवातीला इतिहास सांगू नका, एक प्रश्न सोडवून दाखवा

प्रश्न: साताऱ्यात आमच्या कॉलेजच्या सांस्कृतिक सप्ताहात एका संध्याकाळी रॉक म्युझिकची क्विझ आहे आणि होस्ट मी आहे. दोघांच्या टीम, आधी लेखी प्रीलिम्स, मग सहा टीमची फायनल. कमिटीचं म्हणणं आहे की सुरुवातीला रॉकचा थोडा इतिहास सांगून वातावरण तयार कर. पण निम्मे लोक मित्रांबरोबर आलेले असतील, त्यांना रॉकचं फारसं काही माहीत नसणार. भाषण किती मोठं असावं, त्यात काय बोलावं? एखादा नमुना दिलात तर फार बरं होईल.

उत्तर:

कमिटीचं ऐकू नका. इतिहास पूर्ण गाळा. ज्यांना तो माहीत आहे ते कंटाळतात, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं की ही संध्याकाळ आपल्यासाठी नाही. शिवाय त्या इतिहासात तुमच्या तीन-चार प्रश्नांची उत्तरं नकळत सांगून होतात, ते वेगळंच.

भाषण पाच मिनिटांचं पुरे. बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात, मधे हशा आणि गोंगाट धरला तर लिहून काढलेलं भाषण साडेचारशे शब्दांच्या फार पुढे जाऊ नये. एवढ्या वेळात तीन कामं व्हायला हवीत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो का ते कळायला हवं. रॉक न ऐकणाऱ्या माणसाला वाटायला हवं की मलाही दोन-चार उत्तरं काढता येतील. आणि पुढे ज्या मुद्द्यांवरून भांडणं होणार आहेत ते आधीच मिटायला हवेत. स्वागत, आभार, प्रायोजकांची नावं हे सगळं सूत्रसंचालकाला करू द्या. तुम्ही माईक हातात घ्याल तेव्हा क्विझ सुरू झालेली असावी.

आवाजापासून सुरू करतो, कारण रॉक क्विझ बुडते ती बहुतेक वेळा तिथेच. लॅपटॉपला प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली की बरेचदा आवाजही आपोआप प्रोजेक्टरकडे वळतो. पडद्यावर चित्र दिसतं, हॉलच्या स्पीकरमधून मात्र काही नाही, आणि प्रोजेक्टरच्या पोटातला बारीक स्पीकर किणकिणत राहतो. साउंड सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट पुन्हा हेडफोनच्या जॅकवर आणावा लागतो. हे दुपारी तपासलं असलं तरी संध्याकाळी आधीच्या कार्यक्रमाच्या लोकांनी वायरी काढलेल्या असतात. म्हणून भाषणाची सुरुवातच एका क्लिपने करा. ही क्लिप प्रश्न नसते, चाचणी असते, पण कोणाला ते कळायची गरज नाही.

त्यासाठी क्वीनच्या १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’ची पहिली वीस सेकंदं घ्या. कारण साधं आहे. या गाण्यात जवळजवळ शेवटपर्यंत वाद्य नाहीच, पायांचे दोन ठोके आणि एक टाळी एवढ्यावर ते उभं आहे. गिटार येते ती अखेरीला. त्यामुळे गाणं माहीत नसलेला माणूससुद्धा दुसऱ्या फेरीला पाय आपटायला लागतो. हॉल एकत्र आला, आवाज तपासून झाला, आणि तुम्ही अजून एक शब्दही बोललेला नाहीत. क्लिप वाजली नाही तर? तर तीच टाळी तुम्ही माईकवर सुरू करा, हॉल चालू ठेवेल, तेवढ्यात तंत्रवाला आउटपुट बदलेल. दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ही सोय मिळत नाही.

आता भाषणाचा गाभा. तुमच्या हॉलमधल्या त्या निम्म्या लोकांना ‘सोपे प्रश्न आहेत, घाबरू नका’ असं सांगून काही होत नाही. ते सगळेच सांगतात. त्यांना एक प्रश्न सोडवून दाखवावा लागतो, त्यांच्याच तोंडून. म्हणून भाषणाच्या मधोमध एक बिनगुणांचा प्रश्न ठेवा. तो कसा घडवायचा हे जरा निवांत सांगतो, कारण सगळी मेहनत इथे आहे.

तुम्ही साताऱ्यात आहात, म्हणजे विषय शोधायला लांब जायला नको. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तुमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. यावर कोणीही पहिल्या झटक्यात लिहितो तो प्रश्न असा: ‘फ्रेडी मर्क्युरीचं मूळ नाव काय?’ उत्तर फारुख बुलसारा. हा प्रश्न टाकाऊ आहे. माहीत असेल तर एका सेकंदात येतं, नसेल तर रात्रभर बसलात तरी येणार नाही. विचार करायला काही जागाच नाही. दुसरा, जरा बरा प्रकार: ‘पाचगणीच्या शाळेत शिकलेला जगप्रसिद्ध रॉक गायक कोण?’ यात गावाची गंमत आहे, पण तुमच्याकडे हे निम्म्या हॉलला माहीत असणार, आणि उरलेले निम्मे पुन्हा बाहेर. म्हणजे जी दरी बुजवायची तीच तुम्ही दाखवून दिलीत.

मी तो असा विचारतो:

‘१९५० च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत आला. तिथल्या मुलांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं, तिथे तो आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइन शिकला, आणि नंतर आपल्या बँडचं बोधचिन्ह त्याने स्वतःच काढलं. त्यात दोन सिंह आहेत, एक खेकडा आहे, दोन पऱ्या आहेत, वर पंख पसरलेला फिनिक्स, आणि मधोमध एक मोठं इंग्रजी अक्षर, ज्याच्या पोटात मुकुट आहे. बँड कोणता?’

बघा, आत शिरायला किती दारं आहेत. पाचगणीची गोष्ट ऐकलेला माणूस पहिल्या वाक्यावरच पोचतो. रॉक ऐकणारा बोधचिन्हावरून पोचतो. आणि ज्याला यातलं काहीच माहीत नाही तो मुकुटावरून पोचतो: मुकुट कोण घालतं, त्या शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं, त्या नावाचा बँड ऐकलाय का? बँडचं नाव त्याने कुठे ना कुठे ऐकलेलं असतंच. प्रश्नात उत्तर विचारलंय बँडचं, गायकाचं नाही, हेही मुद्दाम. गायकाचं नाव आठवावं लागतं, बँडचं नाव काढता येतं.

अक्षर कुठलं ते मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. पडद्यावर चित्रही लावू नका. चित्र दिसलं की डोकी चालायची थांबतात.

वीस सेकंद द्या, शेजाऱ्याशी कुजबुजू द्या, मग तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम ओरडायला सांगा. एकाला उभं करून विचारू नका. एकदम ओरडण्यात चुकीचं उत्तर लपतं, आणि ज्याचं बरोबर आलं त्याला कळतं की आपल्याला आलं. एखादा कोपऱ्यातून ‘किंग क्रिम्सन’ ओरडेल. ओरडू द्या, तो माणूस जाणकार आहे, फक्त त्याने मुकुट चुकीच्या डोक्यावर ठेवला. तेवढ्यावर एक हशा वसूल करा आणि पुढे चला. उत्तर सांगितल्यावर त्या प्राण्यांचा अर्थ सांगा, कारण बक्षीस तिथे आहे: त्या चौघांच्या राशी आहेत. रॉजर टेलर आणि जॉन डीकन सिंहेचे म्हणून दोन सिंह, ब्रायन मे कर्केचा म्हणून खेकडा, आणि फ्रेडी कन्येचा म्हणून पऱ्या. आपल्याकडच्या हॉलमध्ये राशीचा उल्लेख झाला की हमखास आवाज होतो. हे ऐकून बाहेर पडलेला माणूस रात्री घरी फोन करून सांगतो. क्विझवाले याला प्रश्नाचा फंडा म्हणतात, आणि ज्या प्रश्नाला असा फंडा नाही तो सेटमध्ये ठेवू नये, असं माझं मत आहे.

एक पथ्य. क्वीन तुम्ही भाषणातच खर्च केलीत, तेव्हा प्रीलिम्समध्ये क्वीनवर एकही प्रश्न नको. नुसतं त्याच उत्तराचा नको असं नाही, तो बँडच नको. तुम्ही ब्रायन मेचं नाव घेतलंत आणि सहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘ब्रायन मे’ निघालं, तर हॉल हसेल आणि फायनलला एका गुणाने हुकलेली टीम हसणार नाही. भाषण लिहून झाल्यावर त्यातलं प्रत्येक विशेषनाम घेऊन सेट एकदा वरपासून खालपर्यंत चाळा.

नियम. इथे नवे होस्ट दोन्ही टोकांना जातात. कोणी काहीच सांगत नाही, कोणी पंधरा नियमांची स्लाइड वाचून दाखवतं. भाषणात फक्त तेच नियम सांगा ज्यांच्यावरून तासाभरात वाद होणार आहे. बाकीचे पडद्यावर असू द्या. रॉक क्विझमध्ये हे वाद ठरलेले असतात, मी तीनच सांगतो.

सगळ्यात मोठा वाद ऑडिओ प्रश्नांत, आणि तो कव्हरवरून. तुम्ही ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ वाजवता आणि विचारता, ‘कलाकार कोण?’ वाजतोय जिमी हेंड्रिक्स, १९६८ चा. पण गाणं बॉब डिलनचं, त्याने ते आधीच्या वर्षी काढलेलं. अर्ध्या टीम डिलन लिहितात आणि त्यांचंही बरोबरच असतं, कारण प्रश्न ढिला होता. ‘हर्ट’चंही तसंच. जॉनी कॅशचा थकलेला आवाज ऐकून लोक ते त्याचंच समजतात, आणि जाणकार नाइन इंच नेल्सचं नाव लिहून येतात, कारण मूळ गाणं त्यांचं, १९९४ चं. म्हणून भाषणात एक वाक्य सांगून टाका: ‘ऑडिओमध्ये कलाकार विचारला तर जो ऐकू येतोय त्याचं नाव लिहा, गाणं कोणी लिहिलं त्याचं नाही.’ या एका वाक्याने पुढची दहा मिनिटं वाचतात.

दुसरा वाद नावांचा. आडनाव पुरेल का? पुरेल, असं सरसकट सांगू नका. ओएसिसवर प्रश्न असेल आणि कोणी नुसतं ‘गॅलाघर’ लिहिलं तर नोएल की लियाम? दोघं सख्खे भाऊ, दोघं त्याच बँडमध्ये. उलट टोकाला, रॉजर टेलर हे पूर्ण नाव लिहूनही भागत नाही, कारण क्वीनच्या ड्रमरचं नाव रॉजर टेलर आणि ड्युरान ड्युरानच्या ड्रमरचंही रॉजर टेलर. हे दुसरं उदाहरण गमतीचं आहे, सेटमध्ये नसेल तर भाषणात वापरा. नियम इतकाच सांगायचा: आडनाव चालेल, पण त्या बँडमध्ये त्या आडनावाचे दोघं असतील तर पूर्ण नाव लागेल. स्पेलिंगचे गुण कापणार नाही. देवनागरीत लिहिलं तरी चालेल. हे शेवटचं ठासून सांगा. इंग्रजी स्पेलिंगच्या धास्तीने उत्तर माहीत असून कागद कोरा ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ती पुण्या-मुंबईतसुद्धा असतात.

तिसरा वाद प्रश्नात काय विचारलंय याचा. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’मागची गोष्ट बहुतेक सेटमध्ये असते: ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावातल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी फ्लेअर गन झाडली, कॅसिनो जळून गेला, आणि तिथे रेकॉर्डिंगला आलेल्या डीप पर्पलने तळ्यावर पसरलेला धूर पाहिला. प्रश्न असतो ‘हे कुठल्या गावात घडलं?’ आणि लोक लिहितात जिनिव्हा, कारण गाण्यात जिनिव्हा तळ्याचा उल्लेख आहे. तळं जिनिव्हाचं, गाव माँट्रो. उत्तर चूक. हा वाद भाषणात सोडवता येत नाही, पण सोडवण्याची जागा ठरवता येते. आपल्याकडे प्रीलिम्सचे कागद शेजारच्या टीमशी बदलून तपासतात. तेव्हा भाषणात सांगा: उत्तर पटलं नाही तर कागद परत मिळाल्यावर त्याच्या मागे लिहा आणि पुढे आणून द्या, सहा टीमची नावं वाचायच्या आधी. नावं वाचल्यावर काही ऐकलं जाणार नाही. याचं कारणही सांगा, म्हणजे उद्धटपणा वाटत नाही. नावं वाचल्यानंतर दिलेला प्रत्येक गुण कोणाला तरी स्टेजवरून खाली उतरवतो. ‘क्विझमास्टरचा निर्णय अंतिम’ हे नुसतं वाक्य फेकलं की पहिल्या वादातच लोक तुमच्याशी भांडायला उठतात.

फोनचं वेगळं सांगायला हवं का? रॉक क्विझमध्ये हवं. शाझामसारखं ॲप काही सेकंद गाणं ऐकून नाव सांगतं, त्यामुळे पालथा ठेवलेला फोनही कामाला येतो. फोन बॅगेत, आणि मागच्या बाजूला दोन स्वयंसेवक उभे. एका वाक्यात सांगा, उपदेश नको.

रॉक म्हणजे काय यावरही कोणीतरी वाद घालेल. व्याख्या करायला जाऊ नका, सीमा सांगा: पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलपासून आजपर्यंत, पंक आणि मेटल धरून, भारतीय बँडही आले. मुंबईच्या रॉक मशीनने नव्वदच्या दशकात नाव बदलून इंडस क्रीड केलं, १९८६ पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, ही माहिती तुमच्या सेटमध्ये असेल तर भाषणात ‘भारतीय बँड’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा.

आणि एक विनोद करू नका. बँडचा टी-शर्ट घालून आलेल्याला ‘यांची तीन गाणी सांग’ असं माईकवरून विचारायचा मोह सगळ्या होस्टना होतो. हॉल हसतो, पण त्या क्षणी जे दुसरे तीसजण रॉकच्या बाबतीत कच्चे आहेत ते मनातल्या मनात उठून जातात. त्यातून मुलींना हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागलेला असतो की त्यांच्याकडून तुम्हाला उरलेली संध्याकाळ काही मिळणार नाही.

आता नमुना. तुमच्या बोलीत फिरवून घ्या, वाचून दाखवू नका. क्लिप वाजत असताना बोलायचं नाही. टाळ्या जमल्या की आवाज हळूहळू खाली आणायचा.

‘बास, बास. छत जुनं आहे. शेवटच्या रांगेत टाळी ऐकू आली का? हात वर करा. छान. म्हणजे आज आवाज तिथपर्यंत पोचतोय, पुढे “ऐकू आलं नाही” ही सबब चालणार नाही.

मी आज तुमचा क्विझमास्टर. इथे दोन प्रकारची माणसं बसली आहेत. काहींच्या खोलीत भिंतीवर पोस्टर आहेत. काहींना मित्राने सांगितलंय, “चल, नुसता बस माझ्याबरोबर.” मित्राने आणलेले कोण? हात वर. बरेच आहात. तुमच्या मित्राला वाटतंय की उत्तरं तो देणार आणि पेन तुम्ही धरणार. बघू या.

एक प्रश्न, याला गुण नाहीत. १९५० च्या दशकात झांझिबारहून एक पारशी मुलगा शिकायला येतो. कुठे? वर पाचगणीला. शाळेत मुलांचा बँड, नाव द हेक्टिक्स, हा पियानोवर. पुढे घरचे इंग्लंडला जातात, हा तिथे ग्राफिक डिझाइन शिकतो, आणि आपल्या बँडचं बोधचिन्ह स्वतः काढतो. डोळ्यांसमोर आणा: दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, वर फिनिक्स. मधे एक मोठं इंग्रजी अक्षर, आणि अक्षराच्या पोटात मुकुट. बँड कोणता? वीस सेकंद. शेजाऱ्याशी बोला. मित्राचं ऐकू नका.

तीन म्हटल्यावर सगळे एकदम. एक, दोन, तीन!

क्वीन. किंग कोण म्हणालं? मुकुट बरोबर, डोकं चुकलं. आता ते प्राणी. दोघं सिंह राशीचे, म्हणून दोन सिंह. एक कर्केचा, तो खेकडा. आणि फ्रेडी मर्क्युरी कन्या रास, म्हणून पऱ्या. आता मला सांगा, किती जणांना हे आधी माहीत होतं? आणि किती जणांनी मुकुटावरून काढलं? आजचे प्रश्न असेच आहेत. आठवत नसेल तर काढा. कागद कोरा ठेवू नका, चुकलेल्या उत्तराचे गुण प्रीलिम्समध्ये कापत नाही.

पंचवीस प्रश्न, त्यात पाच ऑडिओ. पाच प्रश्नांवर तारा आहे, दोन टीमचे गुण सारखे झाले तर ज्यांचे तारेवाले जास्त बरोबर ते वर. रॉक म्हणजे पन्नासच्या दशकापासून आजपर्यंत, पंक, मेटल, भारतीय बँड, सगळं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. ऑडिओमध्ये कलाकार विचारला तर जो ऐकू येतोय त्याचं नाव लिहा, गाणं कोणाचंही असो. आडनाव चालेल, पण बँडमध्ये त्याच आडनावाचे दोघं असतील तर पूर्ण नाव. स्पेलिंग कसंही, मराठीत लिहिलंत तरी गुण पूर्ण. आणि उत्तर पटलं नाही तर कागदाच्या मागे लिहून मला आणून द्या, सहा टीमची नावं वाचायच्या आधी. नंतर दिलात तर मला कोणाला तरी खाली उतरवावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

फोन बॅगेत. मागे दोघं उभे आहेत, त्यांना काही काम लागू देऊ नका.

पेन चालतंय का बघा. प्रश्न पहिला.’

शेवटच्या ओळीनंतर एक सेकंदही थांबू नका. स्लाइड बदललेली असली पाहिजे. ‘तयार आहात का? आवाज नाही आला!’ हा प्रकार करू नका, पाय आपटून झालेले आहेत.

भाषण लागू पडलंय का हे वीस सेकंदांच्या कुजबुजीत कळतं. पुढच्या रांगा नेहमीच बोलतात, त्यांच्याकडे बघू नका. मागच्या तीन रांगांत डोकी एकमेकांकडे वळली का ते बघा. वळली असतील तर पुढचं सोपं आहे. सगळे समोर पडद्याकडेच बघत राहिले तर एक धागा सोडा: ‘मुकुट घालणारे दोघंच असतात, त्यातलं एक.’ आणि त्याहूनही शांतता असेल तर समजा की तुमचे पहिले दोन-तीन प्रश्न या हॉलसाठी जड आहेत. सेटचा क्रम तिथल्या तिथे बदला, ज्या प्रश्नात काढायला जागा जास्त आहे तो पुढे घ्या. त्यासाठी दोन सोपे प्रश्न सेटच्या शेवटी राखून ठेवलेले असावेत.

सांस्कृतिक सप्ताहात कार्यक्रम उशिरा सुरू होतो, नृत्याच्या फेऱ्या लांबतात, प्राचार्य दोन शब्द बोलतात. अर्धा-पाऊण तास गेला तर भाषणातून काय कापायचं हे आधी ठरवून ठेवा. आडनावाचा नियम पडद्यावर जाऊ शकतो, रॉकच्या सीमा जाऊ शकतात, मित्राने आणलेल्यांचा विनोदही जाऊ शकतो. क्लिप, बिनगुणांचा प्रश्न आणि कव्हरचा नियम कापू नका. दोन मिनिटांत हे तीनही बसतात.

फायनलचे नियम मात्र सुरुवातीच्या भाषणात आणूच नका. पाउन्स, बाउन्स ऐकून नवखी टीम गोंधळते, आणि शंभरातल्या फक्त बाराजणांना त्याचा उपयोग असतो. सहा टीम स्टेजवर बसल्या की नव्वद सेकंदांत वेगळं सांगा, प्रेक्षकांकडे बघून सांगा, कारण टीमपेक्षा त्यांनाच ते समजायला हवं. ‘प्रश्न अ टीमला आहे. पण ब टीमला उत्तराची खात्री असेल तर तिने लिहून आधीच द्यायचं, बरोबर आलं तर दहा गुण, चुकलं तर पाच वजा. हा पाउन्स. कोणाचाच पाउन्स नसेल किंवा झाल्यावरही, अ टीमला आलं नाही तर प्रश्न पुढच्या टीमकडे जातो, हा बाउन्स.’ एवढं सांगून पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवा, म्हणजे एखादी टीम लगेच पाउन्स करेल आणि प्रेक्षकांना तो डोळ्यांनी दिसेल.